लोकेशन कशाला हवं? ॲप नाकारलं गेल्यावर लिहायचं पत्र

आयफोनवर एखादं नवं ॲप वापरायला घेतलं की मध्येच एक चौकट उगवते: या ॲपला तुमचं लोकेशन वापरू द्यायचं का? वरचा ठळक प्रश्न ॲपलचा असतो. त्याखाली बारीक अक्षरांत जी एक-दोन वाक्यं असतात, ती मात्र ॲप बनवणाऱ्याने लिहिलेली असतात. आपल्यापैकी बरेच जण ती न वाचताच बोट टेकवून मोकळे होतात. ॲप स्टोअरचा रिव्ह्यूअर ती वाचतो आणि त्यातून कारण उमगलं नाही, तर ॲप परत पाठवतो.

ही वाक्यं ऐच्छिक नाहीत. २०१६ साली आलेल्या आयओएस १० पासून, ती लिहिलेलीच नसतील तर ॲपने कॅमेरा किंवा फोटो मागताक्षणी फोनची प्रणाली ते ॲप बंद पाडते. पण नुसतं काहीतरी लिहून भागत नाही. ॲपलच्या नियमावलीतलं कलम ५.१.१ सांगतं की माहिती कशासाठी वापरणार, हे स्पष्ट आणि पूर्ण लिहिलेलं हवं. नकाराच्या निरोपात त्यावर आणखी एक अपेक्षा असते: शक्यतो वापराचं उदाहरणही द्या.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, ते एका कल्पित ॲपवरून पाहू. समजा, पुण्यातल्या दोघांनी सोसायट्यांना पाणी पुरवणाऱ्या टँकरवाल्यांसाठी ॲप बनवलं. चालक ‘खेप सुरू’ हे बटण दाबतो आणि टँकर कुठवर आलाय, ते सोसायटीच्या सेक्रेटरीला नकाशावर दिसतं. दोघांनी चौकटीतला मराठी मजकूर मन लावून लिहिला आणि `mr.lproj` या फोल्डरमधल्या `InfoPlist.strings` फाइलमध्ये टाकला:

```
NSLocationWhenInUseUsageDescription = "खेप सुरू असताना टँकर कुठे पोहोचला, हे सोसायटीला नकाशावर दाखवण्यासाठी तुमचं लोकेशन वापरलं जातं. खेप संपली की ते थांबतं.";
```

तरीही ॲप नाकारलं गेलं, आणि कारण दिलं होतं ते ‘परवानगीमागचा हेतू अस्पष्ट’ असं.

अशा वेळी पहिलं पत्र बहुधा रागाच्या भरात लिहिलं जातं. आम्ही सगळं नीट समजावलंय, दुसऱ्या ॲपमध्ये याहून त्रोटक मजकूर आहे, मागच्या वेळी तुम्हीच हे मंजूर केलं होतं. यातल्या एकाही वाक्याने रिव्ह्यूअरच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. दुसऱ्या ॲपच्या त्रुटीमुळे आपलं ॲप निर्दोष ठरत नाही, आणि मागची मंजुरी पुढच्या तपासणीला बांधून ठेवत नाही.

उत्तर लिहायला बसण्याआधी नकाराचा निरोप शेवटपर्यंत वाचायला हवा. कोणती आवृत्ती कोणत्या उपकरणावर तपासली, ते त्यात असतं. पुष्कळदा स्क्रीनशॉटही जोडलेला असतो. आपल्या टँकरवाल्यांच्या गोष्टीत खरी मेख त्या स्क्रीनशॉटमध्येच सापडली. रिव्ह्यूअरचा फोन इंग्रजीत होता. मराठी मजकूर दिसतो तो मराठी भाषा निवडलेल्या फोनवर. बाकीच्यांना मूळ `Info.plist` फाइलमधला दिसतो. तिथे सुरुवातीला चाचणीपुरतं टाकलेलं `This app needs your location` हे वाक्य तसंच राहून गेलं होतं. म्हणजे रिव्ह्यूअरने जे वाचलं, त्यावरचा त्याचा आक्षेप रास्तच होता.

इथे दोन वाटा आहेत आणि त्या वेगळ्या आहेत. एक म्हणजे ॲप स्टोअर कनेक्टमध्ये त्याच निरोपाला उत्तर देणं. ते तपासणाऱ्या गटाकडेच जातं. दुसरी, ॲप रिव्ह्यू बोर्डाकडे रीतसर अपील करणं. रिव्ह्यूअरने ॲप चुकीचं समजून घेतलं किंवा नियम चुकीचा लावला, असं म्हणणं असेल तेव्हाच अपिलाला अर्थ आहे. चौकटीतलं वाक्यच मोघम असेल, तर कितीही गोड शब्दांत अपील करा, उपयोग नाही. कारण ते वाक्य ॲपच्या पोटात असतं. स्टोअरवरचं वर्णन बदलून ते बदलत नाही. वाक्य दुरुस्त करायचं, बिल्डचा क्रमांक वाढवायचा, नवा बिल्ड चढवायचा आणि मग उत्तर पाठवायचं.

दुसरी अडचण अशी, की लोकेशन नेमकं कुठे वापरलं जातं, हे रिव्ह्यूअरला दिसलंच नसण्याची शक्यता असते. टँकरची खेप सुरू व्हायला कुणीतरी मागणी नोंदवलेली हवी. रिकाम्या खात्याने आत शिरलेल्या माणसाला ना खेप दिसणार, ना नकाशा. दिसणार ती फक्त परवानगीची चौकट. म्हणून चाचणीचं खातं द्यायचं, तर त्यात एक मागणी आधीच भरून ठेवावी लागते.

हे सगळं ध्यानात घेऊन लिहिलेलं उत्तर छोटंच होतं. पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो. त्याचा मराठीतला आशय असा:

“तपासणीबद्दल आभार. इंग्रजी फोनवर दिसणारा मजकूर अपुरा होता, तो बिल्ड १४ मध्ये बदलला आहे. नवा मजकूर: ‘खेप सुरू असताना टँकरची जागा सोसायटीला नकाशावर दाखवण्यासाठी लोकेशन वापरलं जातं, उदाहरणार्थ, टँकर किती दूर आहे हे सेक्रेटरीला दिसतं.’ पाहण्यासाठी दिलेल्या खात्याने लॉग इन करा, ‘आजच्या खेपा’मधली पहिली मागणी उघडा आणि ‘खेप सुरू’ दाबा. परवानगी तिथेच मागितली जाते, त्याआधी नाही. परवानगी नाकारली तरी चालक ‘निघालो’ आणि ‘पोहोचलो’ ही बटणं वापरून काम पूर्ण करू शकतो. खऱ्या फोनवर घेतलेला व्हिडिओ जोडला आहे.”

यातलं परवानगी नाकारल्यावर काय होतं, हे वाक्य पुष्कळ जण गाळतात. नियमावली मात्र त्याबद्दल मुद्दाम बोलते. लोकेशन न देणाऱ्याला पत्ता हाताने लिहिता यावा, असं उदाहरणच तिथे दिलं आहे. टँकरच्या ॲपमध्ये आधी ही सोय नव्हती. नकार दिला की पडदा तिथेच अडकायचा. उत्तर लिहिताना ते लक्षात आलं आणि ती दोन बटणं नव्याने घातली गेली.

आणखी एक गोष्ट याच ओघात सुटली. पहिल्या बिल्डमध्ये ‘नेहमी’ लोकेशन वापरण्याची परवानगी मागितली होती, कारण चालक फोन खिशात टाकणार आणि स्क्रीन बंद होणार. पण ॲप समोर उघडं असताना, चालकाने स्वतः बटण दाबून सुरू केलेलं लोकेशन पार्श्वभूमीतही चालू राहू शकतं. त्यासाठी ‘ॲप वापरात असताना’ एवढी परवानगी पुरते. ॲपमध्ये पार्श्वभूमीतल्या लोकेशनची सोय तेवढी चालू करावी लागते. तेव्हा ‘नेहमी’ कशाला, या प्रश्नाला उत्तर नव्हतंच. ती मागणी काढून टाकली गेली.

अपील खरंच करावं असे प्रसंगही असतात. मजकूर दोन्ही भाषांत नेमका आहे, व्हिडिओत वापर स्पष्ट दिसतो, आणि तरी तोच ठरावीक निरोप पुन्हा आला, तर बोर्डाकडे जाणं योग्य. तिथे कलमाचा क्रमांक, चौकटीतला मजकूर जसाच्या तसा आणि आधीच्या उत्तराचा सारांश, एवढं पुरतं. जून २०२० मध्ये ॲपलने विकासकांना आणखी एक मुभा जाहीर केली: ॲपने नियम मोडला की नाही एवढ्यावरच न थांबता, खुद्द नियमालाही आव्हान देता येईल. ‘हे’ या ईमेल ॲपच्या वादाची तेव्हा जोरात चर्चा होती. तो वाद मात्र परवानगीचा नव्हता, ॲपमधल्या पैसे भरण्याच्या पद्धतीचा होता.

मंजुरी मिळाली तरी तो पत्रव्यवहार टाकून द्यायचा नसतो. पुढच्या अपडेटला वेगळाच रिव्ह्यूअर असू शकतो, आणि आधीचं संभाषण त्याने वाचलेलं असेल असं गृहीत धरता येत नाही. म्हणून चाचणीचं खातं, खेप सुरू करण्याच्या पायऱ्या आणि लोकेशनचं कारण हे सगळं रिव्ह्यूअरसाठी असलेल्या टिपांच्या रकान्यात दर वेळी भरलं जातं. त्या खात्यातली मागणी संपलेली नाही ना, हेही अपडेट चढवण्याआधी एकदा पाहिलं जातं.