इंटरकॉमचा नंबर फ्लॅटच्या नंबरातूनच निघाला पाहिजे, तो कसा?

कंधारसारख्या तालुक्याच्या गावात पाहुणा घर शोधतो तो आडनाव आणि गल्ली विचारत. अपार्टमेंटच्या गेटवर ही पद्धत अडते. "पाटलांकडं जायचंय" म्हटलं की वॉचमन विचारतो, कोणते पाटील? पाहुण्याला फ्लॅट नंबर माहीत असतो, ३०२. पण ए विंगमध्ये ३०२ आहे, बी विंगमध्येही आहे. वॉचमन भिंतीवरच्या पिवळ्या पडलेल्या यादीत बोट फिरवतो आणि तिथं या फ्लॅटपुढं लिहिलेलं असतं २१०.

हा २१० आला कुठून? सोसायटीत इंटरकॉमचं एक मुख्य यंत्र असतं, त्याला ईपीएबीएक्स म्हणतात. प्रत्येक फ्लॅटची वायर त्याच्या एकेका पोर्टला जोडलेली असते. अनेक यंत्रांत या पोर्टना आधीपासूनच २०१, २०२, २०३ असे ओळीनं नंबर दिलेले असतात. बसवणारा माणूस वायरी जोडतो, कोणत्या घरात कोणता नंबर वाजतो ते कागदावर लिहून देतो आणि जातो. यंत्राच्या दृष्टीनं सगळं बरोबर असतं. फक्त नंबर आणि दार यांचा काही संबंध राहत नाही. यादी हरवली किंवा रात्रपाळीला नवा वॉचमन आला की गेटवर अॅम्ब्युलन्स उभी असतानाही भलत्याच घरात फोन वाजू शकतो.

यासाठी नवीन वायर टाकावी लागत नाही. एक्स्टेन्शन नंबर ही यंत्रातली नोंद असते आणि ती बदलता येते. बदलायच्या आज्ञा प्रत्येक कंपनीच्या यंत्रात वेगळ्या, म्हणून ते काम देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावं. नंबर कोणते द्यायचे हे मात्र सोसायटीनं ठरवायचं.

सोपी रीत अशी: आधी विंगचा अंक, मग दारावरचा नंबर जसाच्या तसा. ए म्हणजे १, बी म्हणजे २, सी म्हणजे ३. ए-३०२ चा नंबर १३०२, बी-३०२ चा २३०२. वॉचमनला यादी बघावीच लागत नाही. (फोनच्या बटणांवर इंग्रजी अक्षरं असतात, पण ए, बी, सी ही तिन्ही २ च्या बटणावर आहेत, त्यामुळं त्यांचा इथं उपयोग नाही.) तळमजल्यावर ००१ नंबरचा फ्लॅट असेल तर तो १००१ होतो. हेही सोयीचं, कारण बऱ्याच यंत्रांत सुरुवातीचा शून्य बाहेरची लाईन घेण्यासाठी राखलेला असतो.

एक नंबर दुसऱ्याची सुरुवात नको

इथं एक नियम कडक पाळावा लागतो. कोणताही पूर्ण नंबर दुसऱ्या नंबरची सुरुवात असता कामा नये. यंत्र अंक एकेक करून ऐकतं. २१० हा पूर्ण नंबर अस्तित्वात असेल, तर २१०१ दाबणाऱ्याचे पहिले तीन अंक ऐकूनच ते २१० ची घंटा वाजवू शकतं. शेवटचा १ वाया जातो. काही यंत्रं दोन-चार सेकंद थांबून बघतात, काही असा नंबर घेतच नाहीत.

टेलिफोनचे एसटीडी कोडही याच नियमावर बांधलेले आहेत. मुंबईचा ०२२, नांदेडचा ०२४६२, लातूरचा ०२३८२. लांबी वेगवेगळी, तरी गोंधळ होत नाही, कारण ०२२ नं सुरू होणारा दुसरा कोड कोणत्याही गावाला दिलेला नाही आणि ०२४ किंवा ०२३ एवढाच कोड कुणाचा नाही.

समजा, तीन विंगची सोसायटी आहे. खाली पार्किंग, वर चार मजले, मजल्यावर चार फ्लॅट. एकूण ४८ घरं. जुने नंबर ओळीनं दिलेले: ए विंगला २०१ ते २१६, बीला २१७ ते २३२, सीला २३३ ते २४८. आता बी विंगचे नवे नंबर बघा. पहिला मजला २१०१ ते २१०४, दुसरा २२०१ पासून, तिसरा २३०१ पासून, चौथा २४०१ पासून. यांच्या सुरुवातीला अनुक्रमे २१०, २२०, २३० आणि २४० येतात आणि हे चारही जुने नंबर कुणाच्या तरी घरी चालू आहेत. म्हणजे फक्त चार जुन्या नंबरांमुळं बी विंगची सोळाच्या सोळा घरं अडतात. बी विंगच्या पहिल्या मजल्यावर कुणालाही फोन लावा, घंटा ए-३०२ मध्ये वाजणार, कारण त्यांचा जुना नंबर २१०.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ए आणि सी विंग पूर्ण बदलायची. नवे नंबर १ आणि ३ नं सुरू होतात, त्यांचं कुणाशी भांडण नाही. तेवढ्यानं २१० आणि २४० आपोआप मोकळे होतात. मग बी विंगमध्ये सगळ्यात आधी २२० आणि २३० हे दोन घ्यायचे. ती घरं आहेत बी-१०४ आणि बी-४०२, त्यांचे नवे नंबर २१०४ आणि २४०२. ते बदलले की उरलेली चौदा घरं कोणत्याही क्रमानं करता येतात. सुरुवातीला प्रत्येक पोर्टवरून खरंच कोणतं घर वाजतं हे फोन लावून तपासलेलं हवं. मधे कधीतरी दुरुस्तीत वायरी बदललेल्या असतात आणि जुना कागद ते सांगत नाही.

गेटसाठी ९ हा एकच अंक ठेवता येतो, नऊ विंग नसतील तर. मागचं गेट आणि ऑफिसही जोडायचं असेल तर ९१, ९२, ९३ करावं. मग नुसता ९ कुणालाच द्यायचा नाही, नियम तोच. दहा किंवा जास्त मजले असतील तर ही रीत मोडते: ए-११०४ चा नंबर १११०४ होतो आणि त्याच्या सुरुवातीला ए-११० चा १११० बसलेला असू शकतो. तिथं सगळ्याच फ्लॅटना मजल्याचे दोन अंक देऊन लांबी एकसारखी करावी.

दारावर आणि गेटवर

फोनच्या बटणांवर इंग्रजी अंक असतात आणि दारावर बऱ्याचदा मराठी. घाईत मराठी १ इंग्रजी नऊसारखा आणि मराठी ४ इंग्रजी आठसारखा वाचला जातो. नावाची पाटी मराठीत खुशाल असावी, नंबर मात्र बटणांवर दिसतो त्याच अंकांत लिहावा. नंबर सांगतानाही "तेवीसशे दोन" म्हणण्यापेक्षा "दोन-तीन-शून्य-दोन" म्हणावं. हा तेलंगणाला लागून असलेला भाग; वॉचमन तेलुगू किंवा हिंदी बोलणारा असेल तर त्याला एकेक अंक लगेच कळतो, मराठीतला "एकोणसाठ" की "एकोणसत्तर" हा घोळ होत नाही.

वॉचमनकडं एक यादी तरीही लागते, ती आडनावांच्या क्रमानं, कारण पाहुणा अजूनही आडनावच सांगणार. ती केबिनच्या आतल्या बाजूला लावावी. येणाऱ्या-जाणाऱ्याला कोण कुठं राहतं हे वाचायची गरज नाही. बंद फ्लॅटचा नंबर दुसऱ्याला देऊ नये आणि दोन फ्लॅट जोडून एक केले असतील तर दोन्ही नंबर त्याच घरात वाजतील असं करून घ्यावं.

काम झाल्यावर गेटवरून ४८ च्या ४८ घरांना फोन लावावा आणि उचलणाऱ्यानं आपला फ्लॅट नंबर सांगावा. चौथा अंक दाबायच्या आतच घंटा वाजू लागली, तर कुठंतरी जुना तीन अंकी नंबर राहून गेलेला आहे. प्रत्येक फोनवर घराचा नवा नंबर आणि गेटचा ९ असलेली चिठ्ठी चिकटवावी. बाहेरची लाईन जोडलेली नसेल तर इंटरकॉमवरून ११२ लागत नाही, हेही त्याच चिठ्ठीवर लिहावं.