डोंगरउतारावरचं घर आणि पहाटेचं धुकं : रेंडरमधले चार गैरसमज

अंधेरीतल्या जाहिरात, ॲनिमेशन आणि वास्तुचित्रांच्या स्टुडिओंमध्ये एका दृश्याची मागणी वारंवार येते: डोंगरउतारावरचं घर, पहाटेची वेळ, आजूबाजूला धुकं. घराचं मॉडेल उत्तम असूनही चित्र पुष्कळदा सपाट दिसतं, कारण धुक्याबद्दलच्या काही समजुतीच चुकीच्या असतात. उदाहरणासाठी लोणावळ्याकडचं एक दृश्य धरू. कॅमेऱ्यापासून घर ४० मीटरवर, त्यामागची झाडं १५० मीटरवर, समोरची डोंगरधार ६०० मीटरवर आणि शेवटची रांग अडीच किलोमीटरवर आहे.

गैरसमज : चित्रावर पांढरा अर्धपारदर्शक थर चढवला की धुकं होतं.

वस्तुस्थिती : असा थर जवळच्या आणि लांबच्या वस्तूंना सारखाच फिका करतो. खऱ्या हवेत मात्र दर मीटरला प्रकाशाचा ठरावीक हिस्सा विखुरतो, त्यामुळे वस्तूचा स्वतःचा रंग अंतरानुसार झपाट्याने घटत जातो. V म्हणजे दृश्यमानता आणि d म्हणजे अंतर, दोन्ही मीटरमध्ये धरली, तर उरणारा हिस्सा असा निघतो:

```
T = exp(-3.9 * d / V)
```

दृश्यमानता दीड किलोमीटर असेल तर घराचा ९० टक्के रंग टिकतो, झाडांचा ६८ टक्के आणि समोरच्या धारेचा जेमतेम २१ टक्के. उरलेली जागा हवेतून आलेला प्रकाश भरून काढतो. शेवटची रांग तर दिसतच नाही.

गैरसमज : घनता डोळ्यांना बरी वाटेपर्यंत फिरवत राहायची.

वस्तुस्थिती : घनता मोजून काढता येते. ३.९ ला दृश्यमानतेने भागलं की झालं. दीड किलोमीटरसाठी ती ०.००२६ येते. ब्लेंडरमध्ये `Volume Scatter` जोडलं की `Density` आधीपासून १ असते. एक एकक म्हणजे एक मीटर धरलं, तर त्या हवेत चार मीटरपलीकडचं काही दिसणार नाही. हवामानशास्त्रात दृश्यमानता एक किलोमीटरखाली गेली की धुकं मानतात, यावरून हा आकडा किती टोकाचा आहे ते कळतं. मॉडेल सेंटिमीटरच्या मापात बनवून आणलं असेल तर घनतेचं गणित शंभरपटीने चुकतं. म्हणून आधी दाराची उंची मोजून बघावी. ती दोनच्या आसपास आली तर माप मीटरमध्ये आहे.

गैरसमज : धुकं सगळीकडे सारखंच पसरलेलं असतं.

वस्तुस्थिती : थरांची खोली इथेच जमते किंवा बिघडते. निरभ्र, शांत रात्री जमीन निवते, गार झालेली जड हवा उतारावरून खाली सरकते आणि दरीत धुकं साचतं. त्याचा वरचा काठ जवळपास आडवा असतो. त्याच्या वर राहते ती विरळ धूसर हवा. म्हणून दोन वेगळी माध्यमं लागतात: दरीपुरतं दाट धुकं आणि सगळ्या दृश्यभर पातळ धूसरपणा.

पातळ हवेची दृश्यमानता पाच किलोमीटर धरू. आता समोरच्या धारेचा पायथा धुक्यात २१ टक्क्यांवर राहतो, पण तिचा माथा ६३ टक्के दिसतो. कॅमेरा धुक्याच्या वर असेल तर आधी गायब झालेली शेवटची रांगही १४ टक्क्यांनी, फिकट छायेसारखी परत येते. एकाच डोंगराच्या पायथ्यातला आणि माथ्यातला हा फरक डोळ्याला खोलीची खात्री देतो. पावसाळी दृश्य असेल तर मात्र ही मांडणी चालत नाही. तेव्हा ढगच उतारावर टेकलेला असतो, माथे झाकलेले असतात आणि खालची दरी मोकळी दिसू शकते.

गैरसमज : लांबचं सगळं पुसट करायचं असतं.

वस्तुस्थिती : धुक्यात मुख्यतः उठाव कमी होतो, कडा बऱ्याच अंशी शाबूत राहतात. लांबच्या डोंगराची कड पुसट केली की अख्खं दृश्य टेबलावरच्या छोट्या प्रतिकृतीसारखं दिसू लागतं. धुकं नंतर कंपोझिटिंगमध्ये चढवायचं असेल तर `Mist` पास रेषीय ठेवावा, त्यातून अंतर काढावं आणि वरचं सूत्र लावावं. या पद्धतीत वेळ वाचतो, पण झाडांमधून उतरणारे किरण मिळत नाहीत. ते हवे असतील तर खरं व्हॉल्यूमच रेंडर करावं लागतं.

पडताळणीसाठी हिवाळ्यातल्या सकाळी गिल्बर्ट हिलच्या माथ्यावरून पूर्वेकडे फोटो काढावा. अंधेरी स्टेशनचा परिसर तिथून सरळ रेषेत किलोमीटरच्या आत आहे, पवईची बाजू सहा-सात किलोमीटरवर. फोटोतल्या प्रत्येक थरातला सर्वांत गडद बिंदू कलर पिकरने तपासला, तर अंतर वाढेल तसा तो क्षितिजाजवळच्या आकाशाच्या रंगाकडे सरकलेला आढळेल. आपल्या रेंडरमध्ये हेच करावं. घराच्या सावलीतला काळा आणि लांबच्या रांगेतला काळा जवळपास सारखे निघाले, तर धुकं अजून अंतराप्रमाणे बसलेलं नाही.