परीक्षेच्या सकाळी पोचणारं पत्र
जीएनएम नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने अभ्यासाच्या सुट्टीतच स्वतःला ईमेल लिहून ठेवला. पोचायची वेळ पेपरच्या सकाळी सहाची, कारण परीक्षागृहात फोन चालत नाही. जीमेलमध्ये पाठवायच्या बटणाशेजारचा बाण दाबून Schedule send निवडलं आणि तारीख-वेळ दिली, की फोन बंद असला तरी पत्र निघतं. मात्र पेपर पुढे ढकलला, तर ते जुन्याच तारखेला येऊन पडतं. तसं झालं तर आधीच Scheduled मध्ये जाऊन Cancel send करायचं आणि नवी तारीख टाकायची.

खरा प्रश्न, आत काय लिहायचं? ‘तुला जमेल’ हे कुणीही म्हणतं. तिने लिहिलं: “आजीच्या पायाची मधुमेहाची जखम आठव. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर चिकटलेली पट्टी ओढत नसत, सलाइनने भिजवून सोडवायच्या. असं का, हे तुला तेव्हा विचारायचं होतं. ओढली तर जखमेवर नुकताच धरलेला कोवळा थर निघून येतो, हे आज तूच सांगू शकतेस.” हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. सुरुवातीचं कारण आणि आजचा अभ्यास त्यात एकत्र आले आहेत.

आणि पोटातला गोळा? रामिरेझ आणि बायलॉक यांनी 2011 साली ‘सायन्स’मध्ये मांडलेल्या प्रयोगांत परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली काळजी लिहून काढणाऱ्यांना, विशेषतः फार धास्ती घेणाऱ्यांना, फायदा झाला होता. म्हणून पत्राखाली तिने सूचनाही लिहिली आहे: वही घे, भीती लिहून काढ, मग निघ.