रंगांधळेपणा आणि कपड्यांची जोडी

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं होतं, "माझ्या मुलाला लाल-हिरवं ओळखता येत नाही. मग त्याला सगळं काळं-पांढरंच दिसतं का?" तर नाही. त्याला रंग दिसतात, फक्त काही रंगांमधला फरक पुसट होतो.

आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांपैकी लाल किंवा हिरव्या बाजूची एक जात नसली वा बिघडलेली असली, की लाल ते हिरवा या पट्ट्यातले रंग एकमेकांत मिसळतात. निळा-पिवळा फरक मात्र शाबूत राहतो, आणि फिकट-गडदही चांगलं कळतं. कपडे निवडताना याच दोन गोष्टींवर भिस्त ठेवायची.

आता माझ्या भाच्याचं उदाहरण बघा. मुलाखतीसाठी त्याने तपकिरी पँटवर "अगदी त्याच रंगाचं" जाकीट घेतलं. घरी आल्यावर बहीण म्हणाली, "अरे, हे तर शेवाळी हिरवं आहे!" त्याची निवड वाईट नव्हती. गडदपणा सारखा होता, म्हणून त्याला दोन्ही एकच दिसले. फसगत होते ती इथे: त्याला जे जुळलेलं वाटतं, ते इतरांना वेगळं दिसतं. करडा आणि मळकट गुलाबी, निळा आणि जांभळा, या जोड्याही अशाच. काहींना लाल रंग मुळातच काळपट दिसतो, त्यांचा मरून आणि काळा यांत घोटाळा होतो.

मग उपाय काय केला? पँट तीच ठेवली, जाकीट गडद निळं घेतलं आणि आत पांढरा शर्ट. तपकिरी आणि निळा यांतला फरक त्यालाही दिसतो, आपल्यालाही दिसतो. म्हणजे नियम असा, की एकाच रंगाच्या छटा जुळवायला जाऊ नये, स्पष्ट वेगळे दिसणारे रंग एकत्र आणावेत. एकाच रंगाचा जोड हवाच असेल, तर दोन्ही कपडे एकाच ताग्यातले, सेट म्हणूनच घ्यावेत.

पण "निळं" म्हणून घेतलेलं जाकीट जांभळं निघालं तर? आणि पांढरा वाटलेला शर्ट फिकट गुलाबी असला तर? तिथे डोळ्यावर विसंबू नका. दुकानातच रंगाचं नाव विचारा आणि घरी आल्यावर कॉलरच्या आतल्या पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवा: 'निळा', 'शेवाळी', 'गुलाबी'. खरेदी शक्यतो दिवसाउजेडी करा. पिवळ्या दिव्याखाली, मंद उजेडात गोंधळ आणखी वाढतो.

आणखी एक. मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढून बघा, असं बरेच जण सुचवतात. त्यातून फिकट-गडद कळतं, पण रंग कोणता ते कळत नाही. भाच्याची ती फसलेली जोडी त्या फोटोत छान जुळलेलीच दिसली असती!