हळदीकुंकवाला जाऊन आलेली ठुशी

चिमूटभर हळद सॅनिटायझरमध्ये कालवा, खोलीतला दिवा घालवा आणि नोटा तपासायचा जांभळा टॉर्च तिच्यावर धरा. वाटीतला पिवळा रंग पोपटी होऊन असा पेटतो, की पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास वाटी उचलून खाली काही दिवा तर नाही ना, ते बघतो. हळदीतलं करक्युमिन डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश गिळतं आणि त्याचा हिरवट-पिवळा प्रकाश करून परत फेकतं. साध्या पाण्यात हा उजेड मंद असतो, स्पिरिटात किंवा तेलात लख्ख. आणि माणसाच्या मानेवर, दागिन्याच्या दोऱ्यात, तेलकटपणा असतोच.

ही गंमत वसई-विरारमध्ये घरबसल्या इमिटेशनचे दागिने विकणाऱ्या बाईच्या कामाची आहे. ऑनलाइन घेतलेली वस्तू आवडली नाही तर काही दिवसांत परत करता येते. त्या सवलतीतून एक पळवाट निघते: दागिना मागवायचा, एका समारंभापुरता मिरवायचा आणि ‘आवडला नाही’ म्हणून परत धाडायचा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात. असल्या परतीला याहून सोयीचा मोसम कुठला?

समजा, नालासोपाऱ्यातल्या एका ताईंनी साडेचारशे रुपयांची ठुशी पाठवली आणि ती परत आली. मणी जागच्या जागी आहेत, डबी तीच आहे. वापरली हे ओळखायचं कसं? नजर आधी गोंड्याकडे जायला हवी. कोऱ्या ठुशीच्या दोरीवरची सरकगाठ जिथे बांधली तिथेच असते. गळ्यात घातलेलीची सरकते आणि दोरीला बारीक मुरड पडते. मग मण्यांची आतली, मानेला टेकणारी बाजू. पितळी मण्यावर सोनेरी पॉलिशचा थर इतका पातळ असतो, की घामातलं मीठ त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालच्या धातूपर्यंत पोचतं आणि तिथे काळपट झाक येते. अत्तराचा फवारा बसला असेल तर वास सांगतोच. या सगळ्यानंतर दिवा घालवून टॉर्च. दोरीच्या पिळात हळद अडकली असेल तर पोपटी ठिपके चमकतात. डबीतला पांढरा कागद मात्र निळा उजळतो. त्याला घाबरायचं नाही. कागद आणि पांढरे कपडे शुभ्र दिसावेत म्हणून जे टिनोपालसारखं द्रव्य वापरतात, त्याचा तो गुण आहे. टॉर्च डोळ्यांत मारायचा नाही, एवढं पथ्य पाळायचं.

पण इथेच एक हुशार गिऱ्हाईक विचारेल, ‘ताई, हळद तुमच्याच हाताची कशावरून नाही?’ प्रश्न रास्त आहे. दुपारी पोह्यांना फोडणी देऊन तेच हात ठुशीला लावले, तर टॉर्च विकणारीविरुद्धच साक्ष देईल. म्हणून माल निघतानाच तो टॉर्चखाली धरून चित्रित करायचा. आधीचं दृश्य नसेल, तर नंतरच्या चमकण्याला काडीची किंमत नाही.

खरं तर याहून स्वस्त बंदोबस्त आहे. कपड्याच्या लेबलाला असतो तसला प्लॅस्टिकचा एकदाच अडकणारा फास ठुशीच्या दोन्ही टोकांतून असा ओवायचा, की तो कापल्याशिवाय ती गळ्यात जाणारच नाही. फासाला मोठं कार्ड लावायचं: ‘टॅग कापल्यास वस्तू परत घेतली जाणार नाही.’ आरशासमोर गळ्याशी धरून बघता येतं, हळदीकुंकवाला जाता येत नाही. मात्र सदोष माल परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तशी टाळाटाळ अनुचित व्यापारप्रथा ठरवली आहे. मणी ओघळलेला निघाला, तर कार्डावर काहीही छापलेलं असो, ठुशी परत घ्यावीच लागेल.

दुसरा प्रकार अधिक निर्ढावलेला: आपली ठुशी ठेवून घ्यायची आणि तशीच दिसणारी हलकी ठुशी डबीत घालून पाठवायची. इथे टॉर्च कामाचा नाही, वजनकाटा बोलतो. कुरियरच्या काट्याने हे सहसा पकडलं जात नाही. त्यांचं भाडं टप्प्यांनी आकारलं जातं. पहिला टप्पा अर्धा किलोचा असेल, तर अडतीस ग्रॅमची ठुशी आणि तीस ग्रॅमची ठुशी त्यांच्या लेखी सारखीच. म्हणून ताईंचा स्वतःचा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा खिशातला काटा हवा. हाताने ओवलेल्या दोन ठुश्या एकाच वजनाच्या नसतात, त्यामुळे नमुन्याचं सरासरी वजन धरून चालत नाही. प्रत्येक नगाचं वजन करून कार्डावर लिहायचं. निघताना ३८.४, परत आली तेव्हा २९.७. धूळ-घामाने वजन जवळपास नऊ ग्रॅमनी घटत नाही. काट्यावर कुणी शंका घेऊ नये म्हणून चित्रीकरणात आधी दहा रुपयांचं नाणं ठेवायचं. त्याचं वजन ७.७ ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि बघणारा घरबसल्या ते पडताळू शकतो. मला ही युक्ती फार आवडते. भारत सरकारचं नाणं ताईंच्या काट्याची साक्ष देतं.

परतीचं पाकीट उघडतानाचं चित्रीकरण अखंड हवं. पाकिटाच्या सहाही बाजू, बिलटीवरचा क्रमांक वाचता येईल इतक्या जवळून, चिकटपट्टी, मग कात्री, मग ठुशी, मग काटा. हे सगळं एका दमात. मध्ये पाकीट क्षणभर जरी चौकटीबाहेर गेलं, तरी ‘तेव्हाच बदललं’ म्हणायला जागा राहते. मूळ फाइल जपायची. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या प्रतीत क्रमांकाची अक्षरं विरघळलेली असतात.

गाडी अडते ती दारात. डिलिव्हरीवाल्याच्या पाठीवर डोंगराएवढी पिशवी असते.

‘ताई, पटकन ओटीपी सांगा ना, अजून अर्धं विरार बाकी आहे.’

‘दादा, एक मिनिट. पाकीट फाटलेलं दिसतंय, आधी तसं लिहून घ्या.’

ओटीपी म्हणजे पोचपावती. ती दिली की ‘पाकीट आलं तेव्हाच उघडं होतं’ हे पटवणं अवघड होतं. शिवाय गिऱ्हाइकाने दारातूनच नाकारलेलं पाकीट आणि उघडून परत केलेलं पाकीट, हे दोन प्रकार वेगळे. पहिल्याची मूळ चिकटपट्टी शाबूत असायला हवी. तिथे ती नसेल तर गिऱ्हाइकावर संशय घेण्याआधी वाटेतल्या हातांचा विचार करावा लागतो. ठुशी वसईतून निघून कोल्हापूरला जाऊन येईपर्यंत किती गोदामांतून फिरते, ते बिलटीच्या नोंदी बघितल्या तरी कळतं.

यानंतर विक्री-मंचाकडे भरपाईचा दावा करायचा. त्याची मुदत थोड्याच दिवसांची असते आणि प्रत्येक मंचाची वेगळी. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, पण साडेचारशे रुपयांच्या ठुशीपायी पोलीस ठाण्याच्या चकरा कोण मारणार? म्हणून निकाल व्यवहारात मंचाचा माणूसच देतो, आणि त्याच्यासमोर ठुशी नसते, फक्त चित्रं असतात. पोपटी ठिपके बघून तो कधी नुसता ‘पुरावा अपुरा’ म्हणतो. वजनाचे दोन आकडे आणि कापलेला फास त्याला लवकर पटतात.

दावा फेटाळला गेला, तर हातात उरते घाम लागलेली ठुशी. ती पुसून पुन्हा नव्या डबीत घालायचा मोह मोठा असतो, कारण मोसम चालू असतो आणि माल कमी असतो. पण ती पुढच्या गिऱ्हाइकाला गेली, की ‘वापरलेली वस्तू पाठवली’ ही तिची तक्रार खरी असते आणि तीही वस्तू परत करते. वापरलेल्या मालाच्या काही परती अशाच एकाच नगाच्या दोन-तीन फेऱ्या असतात. म्हणून परतीचा माल वेगळ्या टोपलीत ठेवायचा. पुन्हा पॉलिश करण्याजोगा असेल तर कारागिराकडे द्यायचा, नाहीतर मणी सुटे करून वापरायचे.