परिमेय संख्यांपुढे सांत गट शून्य का होतो

पूर्णांकांचा गट ℤ, परिमेय संख्यांचा गट ℚ आणि एखादा सांत आबेली गट G घेतला, तर ℚ ⊗ G हा टेन्सर गुणाकार नेहमी शून्यच येतो. टेन्सर गुणाकारातला प्रत्येक घटक q ⊗ g अशा जोड्यांची बेरीज असतो. या जोड्या दोन्ही बाजूंनी बेरजेवर पसरतात, त्यामुळे पूर्णांक n एका बाजूकडून दुसरीकडे नेता येतो: nq ⊗ g = q ⊗ ng. सगळी किमया या सरकण्यात आहे.

सहा तासांच्या घड्याळासारखा ℤ/6 हा गट घ्यावा. त्यात 6 म्हणजे पुन्हा 0. आता 2/3 ⊗ 5 ही जोडी पाहू. 2/3 म्हणजे 6 × 1/9. हा 6 उजवीकडे सरकवला की 1/9 ⊗ 30 उरते, आणि 30 म्हणजे या गटात 0. जोडी नाहीशी झाली. कोणत्याही जोडीचे हेच होते, कारण परिमेय संख्येला हव्या त्या n ने भागता येते आणि G मधल्या प्रत्येक घटकाला कोणता तरी n शून्य करतो. ℤ ला अशी भागणी जमत नाही, म्हणून ℤ ⊗ ℤ/6 हा ℤ/6 च राहतो.

सपाटपणा म्हणजे काय, हे इथे कसाला लागते. एकैकी फलन टेन्सर केल्यावरही एकैकीच राहते, असा गट सपाट. ही संकल्पना सेर यांनी 1956 मध्ये मांडली. ℤ वरचा ‘सहाने गुणणे’ हा नकाशा एकैकी आहे. ℤ/6 शी टेन्सर केल्यावर तो शून्य नकाशा होतो, म्हणून ℤ/6 सपाट नाही. ℚ शी टेन्सर केल्यावर मात्र तो ℚ वरचा सहाने गुणण्याचा नकाशा होतो, आणि तो एकैकी आहे. ℚ खरोखरच सपाट आहे. ℤ वर सपाट असणे म्हणजे व्यावर्तनमुक्त असणे, म्हणजे शून्येतर घटकाला कोणत्याही शून्येतर पूर्णांकाने गुणून शून्य न मिळणे.

पण ‘सांत गट शून्य करतो, म्हणून सपाट’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. ℚ/ℤ हा गटही भागता येण्याजोगा आहे, त्यामुळे तोही प्रत्येक सांत गटाला शून्य करतो. तरी तो सपाट नाही. ℤ हा ℚ मध्ये एकैकी बसतो, पण ℚ/ℤ शी टेन्सर केल्यावर डावीकडे ℚ/ℤ राहतो आणि उजवीकडे शून्य. इतका मोठा गट शून्यात एकैकी बसणार कसा?

या शून्यातून ℚ बद्दल खरी कळणारी गोष्ट वेगळीच आहे: तो सपाट आहे, पण एकनिष्ठ सपाट नाही. एकनिष्ठ सपाट गट शून्य नसलेल्या कोणत्याही गटाला शून्य करत नाही. ℤ वर सहाने गुणल्यास 1 हे उत्तर कधीच मिळत नाही. ℚ मध्ये गेल्यावर प्रत्येक उत्तर मिळते, कारण जे उरत होते ते ℤ/6 होते आणि ℚ ने ते पुसून टाकले.