जपानी ग्राहकाला तगादा लावताना

चाकणमध्ये प्लास्टिकच्या सुट्या भागांसाठी मोल्ड बनवणारा एक कारखाना आहे, असं समजू. नागोयाच्या ग्राहकाकडून सुधारित ड्रॉइंग यायचं आहे, पण ते काही येत नाही. ८ मे रोजी प्रोजेक्ट इंजिनिअर वैतागून इंग्रजीत मेल लिहितो. त्याचा मतितार्थ असा: ‘तुमचं ड्रॉइंग अजून आलेलं नाही. आमचं काम थांबलंय. १२ तारखेपर्यंत पाठवा, नाहीतर डिलिव्हरी लांबेल आणि त्याला आम्ही जबाबदार नाही.’ सीसीमध्ये ग्राहकाच्या विभागप्रमुखांचं नावही टाकलेलं असतं.

पुणेरी पाटीच्या मानाने हा मजकूर सौम्यच म्हणायचा, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही या मेलने ड्रॉइंग लवकर येण्याची शक्यता कमीच होते. ज्या कनिष्ठ अभियंत्याला तो जातो, त्याच्या हातात बहुधा निर्णयच नसतो. जपानी कंपन्यांत असा बदल आधी संबंधित विभागांशी अनौपचारिक बोलून पिकवला जातो, मग कागद एकेका पायरीने वर मंजुरीला जातो. त्या अभियंत्याने साहेबांना पुन्हा आठवण करावी, हीच आपली गरज असते. आपण मात्र त्याच साहेबांसमोर त्याला चुकार ठरवलेलं असतं. आता तो ड्रॉइंगच्या मागे लागण्याआधी स्वतःचा बचाव मांडत बसेल.

म्हणून मेल बदलायचा म्हणजे चार ठिकाणी ‘प्लीज’ पेरायचं नव्हे. त्या अभियंत्याला तो जसाच्या तसा साहेबांपुढे ठेवता आला पाहिजे.

विषयाच्या ओळीतला ‘अर्जंट’ काढून टाकावा आणि तिथे पार्ट नंबर टाकून ‘सुधारित ड्रॉइंगबाबत विनंती’ असं लिहावं. सुरुवातीला ग्राहकाचं आडनाव आणि पुढे ‘सान’. जपानीत लिहीत असाल तर ‘सामा’. नुसतं पहिलं नाव नको. नेहमीच्या सहकार्याबद्दल एका ओळीत आभार मानावेत, मग आपली कंपनी आणि आपलं नाव सांगावं. ओळख जुनी असली तरी ही ओळ जपानी मेलमध्ये असते. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिकडे गोल्डन वीकच्या सुट्या असतात, त्यामुळे ८ मेला त्यांच्याकडे कामाचा ढीग साठलेला असणार, याची जाणीव शब्दांत दिसावी.

मग मूळ मुद्दा: ‘आपण कामाच्या गडबडीत असाल, तरी एका विनंतीसाठी लिहीत आहे. ३० जूनला पहिले नमुने आपल्या हाती द्यायचं ठरलं आहे. मोल्ड तयार करून नमुने काढायला आम्हाला सहा आठवडे लागतात. त्यासाठी सुधारित ड्रॉइंग १९ मेपर्यंत मिळालं तर ठरलेली तारीख पाळता येईल. त्यानंतर मिळालं तर जितके दिवस उशीर होईल, तितकेच दिवस नमुनेही पुढे जातील. मंजुरीसाठी आमच्याकडून आणखी काही माहिती हवी असल्यास कळवावं, लगेच पाठवतो. आपण ड्रॉइंग आधीच पाठवलं असेल, तर क्षमस्व.’

‘तुम्ही पाठवलं नाही’ हे वाक्य गळालं, कोणावर बोट राहिलं नाही. १२ तारखेची मागणी ही आपली घाई होती. १९ तारीख त्यांच्याच ३० जूनवरून मागे मोजून आलेली आहे, त्यामुळे ती धमकी वाटत नाही. शेवटच्या वाक्यामुळे ड्रॉइंग आज पाठवलं तरी त्या अभियंत्याचा मान राहतो. विभागप्रमुखांना मात्र या मेलमध्ये घेऊ नये. वर कळवायची वेळ आलीच, तर आपल्या साहेबांनी त्यांच्या साहेबांना लिहावं.

नव्याने सौजन्य शिकलेले लोक इथे दुसऱ्या टोकाला जातात. माफी आणि आभारांच्या गर्दीत तारीखच हरवते, आणि वाचणाऱ्याला वाटतं की सवडीने पाठवलं तरी चालेल. तारीख आणि तिचा परिणाम यांना मवाळ करायचं नाही. ‘तसदीबद्दल क्षमस्व’ म्हणावं, पण ‘उशीर आमच्यामुळे झाला’ असं नम्रतेपोटी लिहू नये. पुढे भरपाईचा विषय निघाला की तेच वाक्य समोर येतं.

उत्तरही नीट वाचावं लागतं. ‘१९ तारीख थोडी कठीण दिसते’ असं आलं तर तो बहुधा नकार समजावा आणि ‘कोणती तारीख सोयीची होईल?’ असं विचारावं. ‘विचार करतो’ एवढंच आलं तर होकार धरून स्टील मागवू नये.

सगळेच जपानी ग्राहक असे नसतात. अमेरिकेत काम करून आलेला किंवा टोकियोतल्या नव्या स्टार्टअपमधला माणूस स्वतःच दोन ओळींत लिहितो. त्याला आपणही आटोपशीर लिहावं. आणि पाठवलेल्या मालात दोष सापडला, तर सौजन्याच्या प्रस्तावनेत वेळ घालवू नये. आधी फोन करावा, मग मेलमध्ये काय झालं, किती नग, कोणता लॉट, माल कुठे थांबवला आहे आणि पुढची माहिती किती वाजता देणार, हे सरळ लिहावं. कारण अजून सापडलेलं नसेल तर तसंही लिहावं.